वाट्यांचा हिशेब बरोबर, पण अटी अपुऱ्या

"मी पुण्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो आणि स्वयंपाक स्वतः करतो. माझे वजन ६० किलो आहे. चहा, तेल, भाजी, गूळ यांचा वाटा वगळून दिवसाला किमान १४५० उष्मांक आणि ५० ग्रॅम प्रथिने वरण-भातातून मिळावीत, असे मी ठरवले आहे. माझ्या हिशेबात ५० ग्रॅम तांदळाचा भात म्हणजे एक वाटी (१७५ उष्मांक, ४ ग्रॅम प्रथिने) आणि ३० ग्रॅम तूरडाळीचे वरण म्हणजे एक वाटी (१०० उष्मांक, ६.५ ग्रॅम प्रथिने). तांदूळ ६० रुपये किलो आणि डाळ १५० रुपये किलो मिळते. दोन समीकरणे सोडवली तेव्हा ६ वाट्या भात, ४ वाट्या वरण आणि ३६ रुपये खर्च असे उत्तर आले. माझ्या खोलीतल्या मित्राला तांदूळ ५० रुपयांनी मिळतो, आणि तो म्हणतो की नुसता भातच स्वस्त पडतो. शिवाय डाळीच्या जागी ज्वारीची भाकरी धरून (५० ग्रॅम पीठ, १७० उष्मांक, ५ ग्रॅम प्रथिने, दळणासकट अडीच रुपये) तोच हिशेब केला, तर भाताच्या वाट्या चक्क वजा येतात. माझे चुकते कुठे?"

– एक वाचक, पुणे

सप्रेम नमस्कार.

तुमची आकडेमोड चुकलेली नाही, आणि ६ व ४ हे उत्तर तुमच्या भावांना लागूही पडते. मात्र ज्या रीतीने तुम्ही तिथे पोहोचलात ती रीत या वेळी योगायोगाने योग्य ठिकाणी आली आहे, आणि भाकरीच्या हिशेबात तिने तुम्हाला दगा दिला तो त्याच कारणाने. तुम्ही "किमान" म्हणून घातलेली अट हिशेब करताना "नेमके" या अर्थाने वापरलीत. तुम्हाला १४५० उष्मांक हवे आहेत; १५०० मिळाले तर तुमची काही तक्रार नाही. म्हणून भाताच्या वाट्या x आणि वरणाच्या वाट्या y मानल्या, तर खरी मांडणी अशी होते:

```
१७५x + १००y ≥ १४५०
४x + ६.५y ≥ ५०
x ≥ ०, y ≥ ०
खर्च = ३x + ४.५y
```

तिसरी ओळ बहुतेक जण लिहीत नाहीत, कारण ती उघड वाटते. कागदाला मात्र ती उघड नसते, आणि तुमच्या वजा वाट्यांचे मूळ तिथेच आहे.

आता आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर भात आणि उभ्या अक्षावर वरण घ्या. पहिल्या दोन अटींच्या दोन रेषा काढा. तुम्हाला चालणारी जेवणे त्या रेषांवरच असतात असे नाही, तर दोन्ही रेषांच्या वरच्या, उजवीकडच्या सबंध मोकळ्या प्रदेशात असतात. त्या प्रदेशाला तीन कोपरे आहेत. एक उभ्या अक्षावर, जिथे भात अजिबात नाही. एक आडव्या अक्षावर, जिथे वरण अजिबात नाही. आणि एक दोन रेषा जिथे छेदतात तिथे. सारखाच खर्च येणाऱ्या जेवणांची रेषा उजवीकडून डावीकडे आणत गेलो की ती या प्रदेशाला शेवटचा स्पर्श कुठल्या तरी कोपऱ्यापाशीच करते, म्हणून सर्वांत स्वस्त जेवण शोधण्यासाठी सगळा प्रदेश चाळण्याची गरज नसते, तीन कोपरे तपासले की काम होते. तुम्ही समीकरणे सोडवून त्यांतला एकच कोपरा पाहिलात आणि उरलेले दोन न पाहताच सोडून दिलेत.

ते दोन पाहू. नुसते वरण घेतले, तर उष्मांक पुरे होण्यासाठी साडेचौदा वाट्या लागतात आणि खर्च ६५ रुपये २५ पैसे होतो, म्हणजे तो कोपरा बाद. नुसता भात घेतला, तर उष्मांक सव्वाआठ वाट्यांच्या जरा पुढे पुरे होतात, पण प्रथिनांसाठी साडेबारा वाट्यांपर्यंत जावे लागते आणि खर्च ३७ रुपये ५० पैसे येतो. तुमच्या छेदनबिंदूवर ३६ रुपये. जिंकलात खरे, पण अवघ्या दीड रुपयाने, आणि तुमच्या मित्राच्या म्हणण्यात तथ्य आहे ते इथेच.

त्याच्या तांदळाची वाटी अडीच रुपयांना पडते. सहा आणि चारचे तुमचे जेवण त्या भावात ३३ रुपयांचे होते, तर साडेबारा वाट्या भाताचे ३१ रुपये २५ पैशांचे. ही उलथापालथ नेमकी कुठे होते, हे काढणे सोपे आहे. ६० रुपयांच्या तांदळातले एक ग्रॅम प्रथिन ७५ पैशांना पडते, डाळीतले ६९ पैशांना. तांदूळ ५५ रुपये किलोच्या जरा वर असताना हे दोन्ही दर सारखे होतात. त्याच्या खाली तांदूळ गेला की ग्रॅममागे प्रथिनेसुद्धा भातातून स्वस्त मिळतात आणि गणिताला डाळीचे कारणच उरत नाही. तुमच्या ६० रुपयांच्या तांदळाबाबत हाच हिशेब डाळीच्या बाजूने केला, तर डाळ साधारण ५७ ते १६२ रुपये किलोच्या दरम्यान कुठेही असली तरी सहा आणि चार हेच उत्तर कायम राहते. दर आठवड्याला भाव बदलला म्हणून नव्याने समीकरणे सोडवत बसण्याची म्हणूनच गरज नाही. खर्चाचा आकडा बदलेल, वाट्या बदलणार नाहीत. आणि डाळ १६२ च्या वर गेली तर मात्र कोपरा एकदम बदलेल, थोडाथोडा सरकणार नाही. भावांशी अशा हिशेबाचे नाते असेच असते, आणि वाण्याकडे जाताना तुम्ही लक्षात ठेवायचे ते हे दोन सीमेचे आकडे.

आता वजा वाट्या. भात आणि भाकरी यांची समीकरणे सोडवली की भाकरी पंधराच्या आसपास येतात आणि भात वजा साडेसहाच्या जवळ. ही बेरीज-वजाबाकीतली चूक नव्हे. तुमच्या अटींचे प्रमाण पाहा: १४५० उष्मांकांमागे ५० ग्रॅम, म्हणजे दर हजार उष्मांकांमागे साधारण साडेचौतीस ग्रॅम प्रथिने. भातात हे प्रमाण तेवीसच्या आत आहे आणि भाकरीत साडेएकोणतीसच्या आत. दोन्ही पदार्थ तुमच्या गरजेच्या एकाच बाजूला आहेत. ज्यांत प्रथिने कमी पडतात अशा दोन पदार्थांचे कसेही मिश्रण केले तरी ते साडेचौतीसपर्यंत पोहोचत नाही, म्हणून "दोन्ही नेमके" हा हट्ट धरला की समीकरण भाकरी वाढवून भात ताटातून काढून घ्यायला सांगते. वरण-भाताच्या जोडीत डाळ पासष्टवर आणि भात तेवीसच्या आत, म्हणजे गरज दोघांच्या मधे येते आणि छेदनबिंदू दोन्ही अक्षांच्या धन बाजूला पडतो. जोडी निवडण्यापूर्वी हा एक भागाकार केला तर समीकरणे सोडवायची की नाही, हे आधीच कळते.

असमानतेच्या, म्हणजे "किमान इतके" या भाषेत भात-भाकरीचे उत्तर अगदी साधे आहे. प्रथिनांची अट पुरी झाली की उष्मांकांची अट आपोआप ओलांडली जाते, म्हणून फक्त प्रथिनांकडे पाहायचे. भाकरीत एक ग्रॅम प्रथिन ५० पैशांना, भातात ७५ पैशांना. तेव्हा दहा भाकरी, १७०० उष्मांक, बरोबर ५० ग्रॅम प्रथिने आणि खर्च २५ रुपये.

म्हणजे तुमच्या ३६ रुपयांच्या जेवणापेक्षा अकरा रुपये कमी, आणि तेही डाळीशिवाय. या ठिकाणी तुम्ही, मी आणि तुमचे मित्र अशा तिघांनीही थांबायला हवे. साडेबारा वाट्या भात किंवा दहा कोरड्या भाकरी हे उत्तर तुमच्या अटींनुसार निर्दोष आहे. ते खावेसे वाटत नाही, कारण आपल्या मनात असलेली एखादी अट आपण कागदावर लिहिलेली नाही. ती अट शोधणे हे मला समीकरणे सोडवण्यापेक्षा मोठे काम वाटते.

हा अनुभव या प्रश्नाइतकाच जुना आहे. अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी १९४५ साली ७७ खाद्यपदार्थ आणि ९ पोषक घटक घेऊन एका माणसाचा वर्षाचा सर्वांत स्वस्त आहार शोधला. १९३९ च्या भावांनी त्यांचे उत्तर ३९.९३ डॉलर आले, आणि दोनच वर्षांनी नव्या रीतीने नेमके उत्तर काढले गेले ते ३९.६९ डॉलर. फरक अवघा २४ सेंटचा. पण त्या आहारात होते काय, तर गव्हाचे पीठ, आटवलेले दूध, कोबी, पालक आणि सुका घेवडा. हा आहार कुणी कुणाला सुचवत नाही, हे स्टिग्लर यांनी स्वतःच सांगून ठेवले होते. चवीची, विविधतेची अट यादीत नव्हती, म्हणून उत्तरातही ती उतरली नाही.

तुमच्या यादीत नसलेली अट चवीपेक्षा गंभीर आहे. ५० ग्रॅम हा आकडा तुम्ही बहुधा दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम या प्रमाणाने काढला असेल. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत निरोगी प्रौढासाठी हेच प्रमाण आहे, परंतु ते चांगल्या दर्जाच्या प्रथिनांसाठी आहे. शरीराला प्रथिनांतले ठरावीक घटक ठरावीक प्रमाणात लागतात. तांदूळ, ज्वारी, गहू या धान्यांत लायसिन नावाचा घटक कमी पडतो. डाळींत तो भरपूर असतो, आणि डाळींत जो मेथायोनिन कमी असतो तो धान्य भरून काढते. त्यामुळे नुसत्या ज्वारीचे ५० ग्रॅम आणि भाकरी-वरणाचे ५० ग्रॅम कागदावर सारखे दिसले तरी अंगी लागताना सारखे नसतात. तुमची दुसरी असमानता सर्व ग्रॅम एकाच मापाने मोजते, आणि "भातातले प्रथिन स्वस्त" हा तुमच्या मित्राचा मुद्दा या मोजमापाच्या त्रुटीवरच उभा आहे.

उपाय असा की ती अटही असमानता म्हणूनच लिहायची. मी स्वतः कच्च्या वजनाने चार भाग धान्यामागे डाळ निदान एक भाग असावी, अशी अट घालीन. भात आणि भाकरी दोन्हींच्या वाटणीला ५० ग्रॅम धान्य येते, म्हणून भाकरींसाठी z धरले की ती अशी दिसते:

```
३०y ≥ (५०x + ५०z) ÷ ४
```

सोप्या शब्दांत, सात वाट्या-भाकरींमागे तीन वाट्या वरण. तुमचे सहा आणि चार या अटीत आरामात बसते. मित्राच्या साडेबारा वाट्या भाताला आता पाच वाट्यांहून अधिक वरण जोडावे लागेल, म्हणून तो कोपरा प्रदेशाबाहेर गेला. त्याच्या ५० रुपयांच्या तांदळानेही पूर्ण वाट्यांत सर्वांत स्वस्त जेवण सहा आणि चार हेच, ३३ रुपयांचे. एक अट वाढवल्याने तुमच्या दोघांचा वाद मिटतो, तो असा.

तुमच्या पत्रात आणखी एक गृहीत धरलेली गोष्ट आहे, ती म्हणजे जोडी. वरण-भात का, हे तुम्ही कुठेच म्हटलेले नाही. पैसे वाचवायचे असतील तर वाट्यांच्या घासाघिशीपेक्षा जोडी बदलण्यात जास्त वाचतात, आणि जोडी बदलावी की नाही हे तपासण्याची एक चांगली रीत आहे. तुमच्या सहा-चारच्या जेवणात एक ग्रॅम प्रथिन वाढवायचे ठरवले तर खर्च सुमारे ६६ पैशांनी वाढतो, आणि १०० उष्मांक वाढवायचे ठरवले तर फक्त २० पैशांनी. पडताळून पाहा: भाताच्या वाटीत या दरांनी ३५ पैशांचे उष्मांक आणि २ रुपये ६४ पैशांची प्रथिने, मिळून तीन रुपये; वरणातही हिशेब असाच साडेचार रुपयांशी जुळतो. याचा अर्थ तुमच्या ताटात पैसा खर्च होतो तो प्रथिनांवर, उष्मांक जवळजवळ फुकट येतात. आता हेच दोन दर नव्या पदार्थाला लावायचे. भाकरीत ३४ पैशांचे उष्मांक आणि ३ रुपये ३० पैशांची प्रथिने आहेत, म्हणजे ३ रुपये ६४ पैशांचा माल अडीच रुपयांत मिळतो. ती ताटात आलीच पाहिजे. दोनशे मिलिलिटर दुधात साधारण साडेसहा ग्रॅम प्रथिने आणि १३० उष्मांक असतात, त्याची किंमत या दरांनी साडेचार रुपयांच्या आसपास होते, आणि बाजारात ते त्याच्या दुपटीहून महाग आहे. पण म्हणून दूध सोडू नका. दुधातले कॅल्शियम आणि बी-१२ जीवनसत्त्व तुमच्या असमानतांत नाही, म्हणून या दरांना ते दिसत नाही; शाकाहारी माणसाला बी-१२ मुख्यतः दुधातूनच मिळते. हा दर फक्त लिहिलेल्या अटींपुरता खरा असतो.

भाकरी आणि वरण ही जोडी घेऊन तिन्ही अटी लावल्या, तर उत्तर ६.८५ भाकरी आणि २.८५ वाट्या वरण असे अपूर्णांकांत येते, खर्च ३० रुपयांच्या जवळ. इथे जवळचा पूर्णांक घेऊन मोकळे होण्याची सवय लागू देऊ नका. "किमान" च्या अटीत खाली पूर्णांक केला की अट तुटते, आणि एक वर व एक खाली केले तर काय होईल हे तपासल्याशिवाय सांगता येत नाही. या वेळी दोन्ही वर नेले: सात भाकरी, तीन वाट्या वरण. उष्मांक १४९०, प्रथिने ५४.५ ग्रॅम, खर्च ३१ रुपये. सात भाकरी आणि दोनच वाट्या वरण घेतले तर उष्मांक १३९० वर येऊन पहिलीच अट मोडते, आणि आठ व दोन घेतले तर २९ रुपयांत दोन किमान अटी पुऱ्या होतात, पण डाळीची अट मोडते. म्हणून मी ३१ रुपयांचे जेवण निवडीन. रोज पाच रुपये वाचतात, महिन्याचे दीडशे, आणि वर प्रथिनेही थोडी जास्त मिळतात, जी धान्यावर भर असलेल्या जेवणात हवीच आहेत.

तुम्हाला एक वेळ भात हवाच असेल, तर तीन वाट्या भात, चार भाकरी आणि तीन वाट्या वरण असे करा. उष्मांक १५०५, प्रथिने ५१.५ ग्रॅम, डाळीची अट पुरी आणि खर्च साडेबत्तीस रुपये. सर्वांत स्वस्त जेवणापेक्षा दीड रुपया जास्त, आणि अभ्यास करणाऱ्या माणसाने रात्री भात खाण्यासाठी तेवढे द्यायला हरकत नाही.

एका गोष्टीकडे मात्र नीट लक्ष द्या. तुमचे सगळे आकडे कच्च्या वजनाचे आहेत, आणि खाताना तुम्ही शिजलेली वाटी मोजता. वरण पातळ झाले की वाटी तितकीच भरते, पण तिच्यात ३० ग्रॅम डाळ उरत नाही, वीसच उरते. मग तीन वाट्यांतून साडेएकोणीसऐवजी तेरा ग्रॅम प्रथिने मिळतात आणि भाकरी-वरणाच्या जेवणाची बेरीज ४८ वर घसरते. हे ओळखायला रोज तराजू लागत नाही. दिवसाला ९० ग्रॅम म्हणजे महिन्याला दोन किलो सातशे ग्रॅम डाळ. तीन किलोचा डबा भरल्यावर तो साधारण तेहेतीस दिवसांत रिकामा व्हायला हवा. पंचेचाळीस दिवस पुरला, तर डाळ वाचलेली नाही, ती ताटात आलेलीच नाही. दोघांचा स्वयंपाक एकत्र असेल तर डाळ आधी मोजून कुकरला लावा आणि शिजल्यावर वाट्या समान करा, पाणी कितीही घातले तरी हिशेब टिकतो.

ज्या वाचकांना ही मांडणी आपापल्या स्वयंपाकघरात वापरायची आहे, त्यांनी उष्मांकांचे आणि प्रथिनांचे किमान आकडे स्वतःच्या वजनाप्रमाणे आणि कामाप्रमाणे बदलावेत. अंगमेहनत करणाऱ्याची उष्मांकांची अट इतकी वर जाते की त्याच्या बाबतीत प्रथिनांची अट आपोआप पुरी होऊ शकते आणि सगळा हिशेब उलट बाजूच्या रेषेवर जातो. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांसाठी प्रथिनांना वरची मर्यादाही असते, ती डॉक्टरांना विचारूनच लिहावी. तुम्ही स्वतः आधी तुमच्या वाण्याचे आजचे भाव घेऊन भाकरी-वरणाचे कोपरे कागदावर काढा, आणि ज्वारी कितीपर्यंत महाग झाली तर वरण-भाताकडे परतायचे, तो सीमेचा आकडा शोधून डब्याच्या झाकणावर लिहून ठेवा.